चार वाजता चाळीस टक्के

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे आणि पुण्यात धायरीच्या बाजूला एका घराचा हजार चौरस फुटांचा स्लॅब शनिवारी पडायचा आहे, असं समजू. सेंट्रिंग झालंय, सळई बांधून झालीय, आरएमसीची गाडी आणि पंप सांगून ठेवलाय. गाडी दुपारी १२ ला येणार, ३ पर्यंत काम उरकणार. शुक्रवारी सकाळी घरमालक, ठेकेदार आणि घरमालकाचा मेहुणा असे तिघं एकाच मोबाइलवर वाकलेत. हवामानाच्या ॲपवर शनिवारची तासातासाची पट्टी आहे. सकाळी ११ पर्यंत सगळे आकडे ५ च्या आत. मग १२ ला १० टक्के, १ ला १५, २ ला २०, ३ ला ३०, ४ ला ४०, ५ ला ४०, ६ ला ३० आणि ७ ला पुन्हा १५.

ठेकेदार म्हणतो, "पन्नासच्या खाली आहे ना, मग येत नाही तो." मेहुण्याचं म्हणणं, चाळीस टक्के म्हणजे तासातली वीस-पंचवीस मिनिटं पडणार. घरमालकाला वाटतं, पुण्याच्या चाळीस टक्के भागात पडेल आणि धायरी बहुधा उरलेल्या साठात असेल. आकडा एक, अर्थ तीन, आणि तिन्ही चुकीचे.

त्यांना हसायचं कारण नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स या शहरांतल्या लोकांना विचारलं होतं, की 'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के' याचा अर्थ काय? योग्य अर्थ बहुसंख्येनं सांगणारं शहर एकच निघालं, न्यूयॉर्क. युरोपातल्या शहरांत पुष्कळांनी मेहुण्यासारखं किंवा घरमालकासारखं उत्तर दिलं: उद्याच्या ३० टक्के वेळात, नाहीतर ३० टक्के भागात. न्यूयॉर्कचे लोक काही जास्त हुशार नाहीत. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १९६० च्या दशकाच्या मध्यापासून रोज टक्क्यांत अंदाज देते आहे, त्यामुळे तिथं दोन पिढ्यांच्या कानांवरून हे आकडे गेलेत. आपल्याकडे ते मोबाइलबरोबर आले आणि सोबत कुणी माहितीपत्रक दिलं नाही.

मग '४ ला ४० टक्के' म्हणजे काय? तुम्ही ॲपमध्ये जी जागा निवडली आहे, त्या जागी ४ ते ५ या तासात मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस. आजच्यासारखी हवा, आजच्यासारखे ढग, आजच्यासारखे वारे असलेले शंभर दिवस घेतले, तर त्यातल्या चाळीस दिवशी या तासात तुमच्या डोक्यावर पाऊस असेल आणि साठ दिवशी नसेल. पाऊस किती वेळ पडेल हे त्या आकड्यात नाही. किती जोरात पडेल, तेही नाही. ठेकेदाराचा पन्नासचा नियमही त्यात कुठं बसत नाही. दहापैकी चार वेळा होणारी गोष्ट 'होत नाही' या खात्यात टाकणारा माणूस लवकरच भिजतो.

'मोजण्याइतका पाऊस' हे शब्द जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकी सेवेच्या व्याख्येत ही मर्यादा एक शतांश इंच आहे, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. ॲपगणिक मर्यादा थोडी इकडंतिकडं असते, पण असते ती याच आसपास, अगदी बारीक. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या नोंदीत मात्र दिवसाला 'पावसाचा दिवस' म्हणायचं तर त्या दिवशी किमान २.५ मिलिमीटर पडावा लागतो, म्हणजे दहापट. जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचा स्लॅब सुमारे ९३ चौरस मीटरचा. त्यावर पाव मिलिमीटर पडला तर सगळं मिळून २३ लिटर पाणी झालं, दीड बादलीच्या आसपास. ओल्या काँक्रीटला त्यानं काही होत नाही. त्याच स्लॅबवर ऑक्टोबरातली ढगफोडी सर आली आणि तासाभरात ३० मिलिमीटर ओतून गेली, तर ते पाणी २,८०० लिटरच्या घरात जातं. ते वरचं सिमेंट धुऊन नेतं, मालात पाणी वाढतं आणि स्लॅबचा वरचा थर कायमचा कच्चा राहतो. हे दोन्ही पाऊस ॲपच्या पट्टीवर एकाच '४० टक्के'मध्ये बसतात.

म्हणूनच जुलैत आणि ऑक्टोबरात हा आकडा अगदी वेगळा वाचावा लागतो. जुलैत पुण्याच्या पश्चिमेला दिवसभर ९० टक्के दिसतात आणि प्रत्यक्षात तासाला अर्धा मिलिमीटर भुरभुर असते. माणसं जर्किन घालून कामं उरकतात. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यातल्या वळवात ३० टक्के दिसतात आणि जो पडतो तो गटारं तुंबवून जातो. मोठा आकडा म्हणजे मोठा पाऊस, हा समज आपल्या हवेत तर सरळ उलटा पडू शकतो. बऱ्याच ॲपमध्ये त्या तासावर बोट ठेवलं की टक्क्यांखाली किंवा बाजूला मिलिमीटरचा आकडाही दिसतो. तोही पाहावा, पण तो बहुतेक वेळा सगळ्या शक्यतांची सरासरी असतो. दहापैकी सहा वेळा कोरडं आणि एकदा ३० मिलिमीटर, असं असलं तरी सरासरी ३-४ मिलिमीटरच दिसणार, आणि ३-४ मिलिमीटर तर कदाचित कधीच पडणार नाही.

आता हा आकडा येतो कुठून ते पाहू, कारण पट्टी वाचायची किल्ली तिथंच आहे. संगणक आजची हवा घेतो आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी ती पुढं सरकवत नेतो. अडचण अशी, की आजची हवा आपल्याला पूर्ण माहीत नसते. समुद्रावर मोजणारं कुणी नसतं, डोंगरात यंत्रं विरळ असतात. आणि सुरुवातीच्या मोजणीतली बारीकशी चूकसुद्धा काही दिवसांत सगळा अंदाज भलतीकडं नेते, हे एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकातच दाखवून दिलं. त्यावर काढलेला तोडगा साधा आहे: एकच गणित एकदा न करता, सुरुवातीची हवा किंचित किंचित बदलून पुष्कळदा करायचं. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्रानं १९९२ मध्ये हे रोजच्या कामात आणलं. आज तिथं एका वेळी ५१ गणितं चालतात. आपल्याकडं पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०१८ मध्ये २१ गणितांची अशी यंत्रणा सुरू केली.

आता शनिवारचे ४ ते ५ वाजले, या ५१ गणितांत धायरीच्या चौकोनात बघा. समजा २० गणितांत पाऊस आहे, ३१ मध्ये नाही. २० भागिले ५१, सुमारे ३९ टक्के. गोळाबेरीज करून ॲप म्हणतं ४०. प्रत्यक्षात मधे आणखी एक पायरी असते: मागच्या काही वर्षांत अशा गणितांनी काय सांगितलं आणि खरोखर काय झालं, हे ताडून आकडा वरखाली सरकवला जातो. पुढच्या एक-दोन तासांसाठी मात्र ही गणितं बाजूला राहतात आणि रडारवर दिसणारा ढग कुठं सरकतोय, त्यावरून आकडा ठरतो. म्हणून दुपारी २ ला दाखवलेला '३ वाजताचा' आकडा आणि आदल्या सकाळी दाखवलेला '३ वाजताचा' आकडा यांची जातच वेगळी.

आता ती पट्टी पुन्हा पाहा. ३०, ४०, ४०, ३०. हा पसरट उंचवटा काय सांगतो? बऱ्याच गणितांना दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहताना दिसतायत, पण कुणाला ३ वाजता दिसतायत, कुणाला ५ वाजता. कुणाच्या हिशोबात ते सिंहगडाकडे आहेत, कुणाच्या हिशोबात हडपसरला. ढग येण्याबद्दल बरंच एकमत, वेळेबद्दल आणि नेमक्या जागेबद्दल मतभेद. एकेका तासाचा आकडा म्हणून लहान दिसतो. याउलट एखाद्या दिवशी पट्टी ५, ५, ८०, १० अशी असेल, तर गणितांचं वेळेवरही एकमत आहे आणि त्या एका तासाला खरंच जपायला हवं. परतीच्या पावसात पुण्यात अशी टोकदार पट्टी आदल्या दिवशी क्वचितच दिसते, कारण एकेक गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तासाभरात जन्मून विरून जातो. नऊ-दहा किलोमीटरच्या चौकोनांत विचार करणाऱ्या गणिताला तो ढग नीट दिसतच नाही; ढग उठायला हवा पोषक आहे, एवढंच दिसतं. त्यात आपल्याकडं सह्याद्री. महाबळेश्वरहून वाईला उतरेपर्यंत वर्षाचा पाऊस काही पटींनी कमी होतो, आणि ॲपच्या चौकोनाला घाटाचं ते वळण दिसेलच असं नाही.

इथं ठेकेदाराची सगळ्यात महागडी चूक येते. त्यानं पट्टीतला सगळ्यात मोठा आकडा, ४०, उचलला आणि त्यालाच दुपारचा धोका मानलं. पण स्लॅब काही एका तासाचा नसतो. ३ वाजता काम संपलं, की काँक्रीट आवळेपर्यंत चारेक तास तरी मोठी सर नको. (पुरतं आवळल्यावर तर आपणच त्यावर वाफे करून पाणी भरतो.) तेव्हा खरा प्रश्न असा, की ३ ते ७ या चार तासांत एकदा तरी पाऊस येण्याची शक्यता किती?

हा हिशोब उलट्या बाजूनं करायचा. पाऊस न येण्याची शक्यता ३ ते ४ मध्ये ७० टक्के, ४ ते ५ मध्ये ६०, ५ ते ६ मध्ये ६०, ६ ते ७ मध्ये ७०. एका तासाचा दुसऱ्याशी काहीच संबंध नसेल, तर चारही तास कोरडे जाण्याची शक्यता या चार आकड्यांचा गुणाकार, ०.७ × ०.६ × ०.६ × ०.७, म्हणजे ०.१८ च्या जवळ. शंभरात अठरा. याचा अर्थ निदान एकदा पाऊस येण्याची शक्यता शंभरात ब्याऐंशी.

पण तासांचा एकमेकांशी संबंध असतोच. ४ वाजता पडणारा पाऊस बऱ्याचदा ५ लाही रेंगाळलेला असतो. तो संबंध पूर्ण पक्का असेल, म्हणजे पडला तर सगळेच तास आणि नाही तर एकही नाही, तर चार तासांचा धोका सगळ्यात मोठ्या आकड्याएवढाच राहतो, ४०. खरं उत्तर या दोन टोकांच्या मधे, ४० आणि ८२ च्या दरम्यान कुठंतरी. कुठं, ते पावसाच्या जातीवर अवलंबून. जुलैतल्या सलग झडीत ते खालच्या टोकाकडं झुकतं, कारण एकच ढगाळ पट्टा तासन्‌तास बसून असतो. ऑक्टोबरच्या सुट्या गडगडाटी ढगांत ते वरच्या टोकाकडं सरकतं, कारण एक ढग चुकला तरी तासाभरानं दुसरा उठतो. आपल्या शनिवारी मी तरी साठच्या वर धरीन. 'चाळीसच तर आहे' असं म्हणणारा ठेकेदार तेव्हा साठ-पासष्ट टक्क्यांच्या धोक्यावर पंप बोलावतोय.

पट्टीतले आकडे नुसते पाहून ज्यांना हे सुचत नाही त्यांच्या कामाला एक गोष्ट येते: त्याच ॲपमधलं पूर्ण दिवसाचं पान. तासांत कुठंही ४० च्या वर आकडा नाही आणि दिवसासमोर ६५ लिहिलंय, असं दिसलं की लोक चक्रावतात, ॲप बिघडलं म्हणतात. बिघडलेलं काही नसतं. मोठ्या वेळात एकदा तरी पाऊस गाठण्याची संधी जास्त, एवढंच. मात्र दिवसाचा आकडा कसा काढायचा याची रीत प्रत्येक ॲपची आपापली असते, त्यामुळे दिवसासमोरही ४० च दिसले तर निर्धास्त होऊ नये.

आता घरमालकाच्या शंकेकडं येऊ, की चाळीस टक्के भागात पडणार का. शंका अगदीच निराधार नाही. अमेरिकी हवामान सेवा आपला आकडा समजावताना दोन गोष्टींचा गुणाकार सांगते: पाऊस येईल याची खात्री किती, आणि आला तर किती भाग भिजेल. जिल्ह्यात पाऊस नक्की येणार पण ४० टक्के भागच भिजणार, तरी आकडा ४०. येईल की नाही यात निम्मी शंका आणि आला तर ८० टक्के भाग भिजणार, तरी ४०. पालकमंत्र्यांना या दोन दिवसांत फरक आहे. धायरीतल्या स्लॅबला नाही. त्याच्या वाट्याला दोन्ही दिवशी शंभरात चाळीसच.

भागाचा हिशोब निराळा हवा असेल तर तो आपल्या हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकात असतो, आणि तो लोक फारसा वाचत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्यातले 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' हे शब्द मोघम वाटतात, पण प्रत्येकाला मोजमाप आहे. विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक, २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी, आणि त्याहून जास्त म्हणजे जवळपास सर्वत्र. 'मुसळधार'लाही मोजमाप आहे: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं. शुक्रवारच्या पत्रकात 'मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस' असं असेल, तर ॲपच्या ४० टक्क्यांमागं कोणत्या जातीचा पाऊस आहे ते कळलं. ॲप हे कधीच सांगत नाही.

तर मग स्लॅब टाकायचा की नाही? टक्के हे सांगत नाहीत; ते पैशाचा हिशोब सांगतो. समजा जाड प्लास्टिक, ताडपत्र्या आणि दोन जादा माणसं ठेवायला ३,००० रुपये लागतात, आणि ओला स्लॅब धुतला गेला तर दुरुस्तीला ३०,००० बसतात. तीन हजार हे तीस हजारांच्या दहा टक्के. मग मोठ्या सरीची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली, की ताडपत्री आणणं शहाणपणाचं. पाऊस येण्याची शक्यता साठ धरली आणि त्यातल्या तीनांत एकच सर जोरदार असेल असं धरलं, तरी जोरदार सरीची शक्यता वीस होते. ताडपत्री आणायचीच. शेतात कांदा पसरलेला शेतकरी दहा टक्क्यांनाही धावतो आणि गच्चीवर कपडे वाळत घातलेली त्याची शेजारीण पन्नासलाही उठत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

ताडपत्रीपेक्षा बरा उपाय पट्टीच्या डाव्या बाजूला आहे. आरएमसीची गाडी पहाटे ६ ला मिळाली तर पंपानं काम ९ पर्यंत उरकतं, आणि जपायचे चार तास ९ ते १ असे येतात. तिथले आकडे ५ च्या आत, शेवटच्या तासाला १०. सगळ्यात वाईट हिशोब धरला तरी चार तासांचा धोका पंचवीसच्या वर जात नाही. ऑक्टोबरातले गडगडाटी ढग जमीन तापल्यावर दुपारनंतर उठतात. पट्टीवरचा नेमका आकडा चुकेल, पण सकाळ सपाट आणि दुपार चढी हा तिचा आकार सहसा चुकत नाही. शनिवारी काम सुरू झाल्यावर आदल्या दिवशीची पट्टी विसरून दर तासाला नवी पाहावी, आणि सोबत पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप उघडावं. आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते त्यात दिसतं. गच्चीवर सळयांमध्ये उभ्या असलेल्या माणसांसाठी ते पावसाच्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं.

राहिला प्रश्न ॲपवर विश्वास किती ठेवायचा. शनिवारी पाऊस आला नाही तर ठेकेदार म्हणेल, ॲप खोटं निघालं. आला तर मेहुणा म्हणेल, ४० सांगून फसवलं. एका दिवसावरून ४० टक्के खरे की खोटे हे कुणालाच ठरवता येत नाही. ते ठरतं ढिगावरून. जितक्या वेळा ४० म्हटलं, त्यातल्या शंभरात चाळीसच्या आसपास वेळा पाऊस झाला पाहिजे. ६० वेळा झाला तरी ॲप चूक आणि १५ वेळा झाला तरी चूक. सगळीच ॲप या कसोटीला उतरत नाहीत, आणि कधी कधी मुद्दाम. अमेरिकी लेखक नेट सिल्व्हर यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात 'द वेदर चॅनल'चं उदाहरण दिलंय: पावसाची शक्यता २० टक्के सांगितलेल्या दिवसांत प्रत्यक्षात पाऊस जेमतेम ५ टक्के वेळा झाला होता. छत्री न घेता भिजलेला माणूस शिव्या देतो, छत्री उगाच वागवणारा देत नाही, म्हणून लहान आकडे वर ढकललेले.

तुमच्या ॲपची परीक्षा तुम्ही घरीच घेऊ शकता. रोज सकाळी एकाच वेळी, संध्याकाळी ५ ते ६ या तासाचा आकडा वहीत लिहा आणि त्या तासात अंगणात थेंब पडले की नाही ते पुढं लिहा. हे जून ते ऑक्टोबर करा. उरलेल्या महिन्यांतली शून्यं मोजलीत तर कुठलंही ॲप हुशार दिसेल. मग २० ते ४० टक्क्यांच्या नोंदी वेगळ्या काढा. तिसांपैकी नऊ-दहा वेळा पडला असेल तर ॲप ठेवा. दोनदाच पडला असेल तर त्याचे लहान आकडे निम्म्यावर आणून वाचा. वीसदा पडला असेल तर दुसरं ॲप घ्या.